एकाच कंपनीतल्या बढत्या रेझ्युमेवर कशा मांडल्या? अनुभव सांगा

चाकणची_नियती:

मी 2013 पासून चाकणच्या एकाच कंपनीत आहे. वाहनांचे सुटे भाग, क्वालिटी विभाग. जीईटी म्हणजे ट्रेनी इंजिनिअर म्हणून लागले, मग असिस्टंट इंजिनिअर, इंजिनिअर, सीनियर इंजिनिअर, असिस्टंट मॅनेजर, आणि एप्रिल 2024 पासून डेप्युटी मॅनेजर. आता बाहेर अर्ज करायचे आहेत आणि रेझ्युमेचा पहिला अनुभवच अडतोय. सहा पदं सहा ठिकाणी कंपनीच्या नावासकट लिहिली, तर सहा नोकऱ्या बदलल्यासारखं दिसतं. सगळी एका ओळीत घातली, तर इतकी वर्षं एकाच खुर्चीत बसल्यासारखं. शिवाय प्रत्येक पदाखाली तेच ते येतं: ऑडिट केले, तक्रारींवरचे 8डी अहवाल तपासले, पार्ट मंजुरीचे पीपॅप पाहिले.

ज्यांनी एकाच ठिकाणी बढत्या घेऊन मग नोकरी बदलली, त्यांनी नेमकं कसं मांडलं आणि मुलाखतीत त्यावर काय विचारलं गेलं, ते लिहा. भरतीच्या कामात असणाऱ्यांनीही लिहा.

रानजाई:

मी पुण्यात मॅन्युफॅक्चरिंग कंपन्यांसाठी भरती करते. माझ्यासमोर रेझ्युमे आला की नजर आधी तीन गोष्टींवर जाते: कंपनी, पद, तारखा. कंपनीचं नाव सहा वेळा दिसलं की मी तारखा जुळवत बसते. मध्ये सोडून परत आला का, ग्रुपमधली दुसरी कंपनी आहे का, हे शोधण्यात वेळ जातो आणि कामाकडे लक्ष राहत नाही. म्हणून कंपनीचं नाव एकदाच, त्यापुढे पहिल्या दिवसापासून आजपर्यंतचा पूर्ण काळ, आणि खाली पदं, नवीन आधी, प्रत्येकाला स्वतःच्या तारखा. इथपर्यंत बहुतेक जण करतात.

खरा प्रश्न सहाही पदं वेगळी लिहायची का हा आहे. मी उमेदवाराला एकच विचारते, बढतीच्या दुसऱ्या दिवशी टेबलावरचं काम बदललं का? बदललं असेल तर वेगळी ओळ आणि खाली मुद्दे. फक्त ग्रेड आणि पगार बदलला असेल तर शेजारच्या पदात मिसळून टाका. नियती, तुमचं काम नेमकं कुठे कुठे बदललं ते सांगा, मग मांडून दाखवते.

चाकणची_नियती:

जीईटीचं वर्ष स्टोअर्स, लाइन, इन्स्पेक्शन असं फिरण्यात गेलं. मग असिस्टंट इंजिनिअर आणि इंजिनिअर दोन्ही इनकमिंग इन्स्पेक्शनलाच, काम तेच. सीनियर झाल्यावर, 2018 ला, सप्लायरकडे जायला लागले. कास्टिंगचे 9 सप्लायर माझ्याकडे होते. 2021 ला असिस्टंट मॅनेजर झाले तेव्हा हाताखाली 4 इंजिनिअर आणि एकूण 31 सप्लायर. आता नवीन मॉडेलचे पार्ट्स, आणि पीपॅपवर शेवटची सही माझी.

निशिगंध_७७:

रानजाई यांचं पटत नाही. कंपनीचं नाव प्रत्येक पदापुढे लिहायलाच हवं. एटीएस नावाचं सॉफ्टवेअर असतं, त्याला नाव सापडलं नाही की ते रेझ्युमे फेकून देतं. माणसापर्यंत पोचतच नाही. मी चारही पदांना पूर्ण नाव आणि गाव लिहिलं आणि मला फोन आले.

रानजाई:

निशिगंध, तुमच्या म्हणण्यातला एक भाग खरा आहे. सॉफ्टवेअर रेझ्युमे वाचून फॉर्मचे रकाने भरतं आणि त्यात चुका होतात. नाव एकदाच असेल तर कधी दुसऱ्या पदापुढे कंपनीचा रकाना रिकामा राहतो, कधी जुनं पद वरच्या पदाच्या वर्णनात एखाद्या वाक्यासारखं जाऊन बसतं. पण आमच्याकडे तेवढ्यावरून कुणाला काढून टाकलं जात नाही. आम्ही सर्च करतो, आणि रकाने चुकीचे भरले असतील तर तुम्ही सर्चमध्ये खाली जाता किंवा तुमचा अनुभव कमी वर्षांचा दिसतो.

याची तपासणी घरबसल्या होते. Workday या भरतीच्या सॉफ्टवेअरवर चालणाऱ्या कुठल्याही कंपनीच्या करिअर पानावर अर्ज सुरू करा, रेझ्युमे अपलोड करा आणि अनुभवाचे रकाने कसे भरले गेले ते बघा. चूक दिसली तर तिथेच हाताने दुरुस्त करा. त्या फॉर्ममध्ये मात्र प्रत्येक पदाची वेगळी नोंद करा आणि कंपनीचं नाव दर वेळी भरा. फॉर्म मशीनसाठी आहे, पीडीएफ माणसासाठी. आणि पदं दोन कॉलमच्या टेबलात मांडू नका, रकाने सगळ्यात जास्त तिथेच घसरतात.

आता नियतींचं. मी असं मांडेन:

कंपनीचं नाव, चाकण. जुलै 2013 ते आजपर्यंत

डेप्युटी मॅनेजर, सप्लायर क्वालिटी. एप्रिल 2024 ते आजपर्यंत
– नवीन मॉडेलच्या खरेदीच्या सर्व पार्ट्सच्या पीपॅपला अंतिम मंजुरी

असिस्टंट मॅनेजर, सप्लायर क्वालिटी. एप्रिल 2021 ते मार्च 2024
– 4 इंजिनिअर, 31 सप्लायर. वर्षाचं ऑडिट वेळापत्रक ठरवलं

सीनियर इंजिनिअर, सप्लायर क्वालिटी. एप्रिल 2018 ते मार्च 2021
– कास्टिंगच्या 9 सप्लायरचे ऑडिट. परत परत येणारी ब्लोहोलची तक्रार 8डी करून बंद

इंजिनिअर आणि असिस्टंट इंजिनिअर, इनकमिंग इन्स्पेक्शन. जीईटी म्हणून रुजू. जुलै 2013 ते मार्च 2018

सहाच्या चार ओळी झाल्या आणि तारखेत कुठेही फट नाही. ऑडिट तीनही पदांत होतं, पण आधी स्वतः केलं, मग कुणी कधी करायचं ते ठरवलं, आणि आता त्यावर मंजुरी देता. हा फरक क्रियापदात दिसला की तोचतोचपणा आपोआप जातो. वरच्या दोन पदांना तीन-चार मुद्दे द्या, सीनियरला दोन, शेवटच्या ओळीला एकही नको. ब्लोहोलच्या मुद्द्यात रिजेक्शन किती पीपीएमवरून, म्हणजे दहा लाख पार्ट्समागे कितीवरून, कितीवर आलं ते घाला. हा आकडा तुमच्याकडे असणारच.

कोड_आणि_कांदेपोहे:

आयटीतला अनुभव लिहितो. आमच्याकडे सिस्टम्स इंजिनिअर, सीनियर सिस्टम्स इंजिनिअर, टेक्नॉलॉजी ॲनालिस्ट, टेक्नॉलॉजी लीड अशी शिडी असते. बाहेरच्या छोट्या प्रॉडक्ट कंपनीला टेक्नॉलॉजी ॲनालिस्ट म्हणजे कोड लिहिणारा की एक्सेल बघणारा, हे कळत नाही. म्हणून बरेच जण सरळ सीनियर डेव्हलपर लिहून मोकळे होतात. तसं करू नका.

माझ्या टीममधल्या एकाने असंच केलं होतं. ऑफर आली, बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनमध्ये पदाचं नाव जुळलं नाही, शेरा पडला, आणि बढतीची सगळी पत्रं पाठवून खुलासा होईपर्यंत रुजू होणं लांबलं. मी पत्रावरचं पद जसंच्या तसं लिहिलं आणि स्वल्पविराम देऊन पुढे काम: टेक्नॉलॉजी ॲनालिस्ट, जावा बॅकएंड. दोन्ही बाजूंचं भागलं.

अजून एक. आमच्या अनुभवपत्रात रुजू झाल्याची तारीख, सोडल्याची तारीख आणि फक्त शेवटचं पद असतं. मधल्या बढत्यांचा पुरावा म्हणजे त्या त्या वर्षीची पत्रं, आणि ती कंपनीच्या पोर्टलवर असतात. लॅपटॉप परत केल्यावर पोर्टल बंद. राजीनामा देण्याआधी उतरवून ठेवा.

सुगरण_साताऱ्याची:

माझीपण बढती झाली मागच्या दिवाळीत. टीम लीडरचं काम करते, पाच मुली आहेत हाताखाली, पण पगार एक रुपया वाढला नाही आणि पत्रही दिलं नाही. विचारलं तर पुढच्या अप्रेझलला बघू म्हणतात. अशा वेळी काय करावं? दुसरीकडे जाऊ का?

कोड_आणि_कांदेपोहे:

ताई, जायचं की नाही ते तुम्हीच ठरवा, पण रेझ्युमेपुरतं सांगतो. पद जुनंच लिहा आणि त्याखाली पहिला मुद्दा टाका: ऑक्टोबरपासून पाच जणींच्या टीमची जबाबदारी. काम खरं आहे, ते लिहायला पत्र लागत नाही. पत्र लागतं ते पदाच्या नावाला.

निशिगंध_७७:

मॅनेजरची ईमेल असेल, त्यात टीम लीडर असा उल्लेख असेल, तर पदही लिहायला हरकत नाही. आमच्याकडे तेवढ्यावर चाललं.

रानजाई:

काही ठिकाणी चालतं, काही ठिकाणी नाही. व्हेरिफिकेशनवाले एचआरच्या नोंदी विचारतात आणि मॅनेजरच्या ईमेलमधलं पद त्या नोंदीत असेलच असं नाही. मी तरी ती जोखीम घ्यायला सांगणार नाही.

परभणीचा_पाऊस:

राष्ट्रीयीकृत बँकेतून खासगी बँकेत आलो. माझा घोळ वेगळा होता. बढत्या दोनच, क्लार्कचा स्केल वन ऑफिसर आणि मग स्केल टू, पण बदल्या भरपूर. आधीचा रेझ्युमे शाखेप्रमाणे होता: नांदेड, हिंगोली, रत्नागिरी, परत नांदेड. वाचणाऱ्याला बढती कुठली आणि बदली कुठली तेच कळेना. मग स्केलप्रमाणे तीन भाग केले आणि शाखांची नावं त्याखाली एका ओळीत. क्लार्कचा ऑफिसर होताना परीक्षा आणि मुलाखत असते हे खासगीतल्या लोकांच्या लक्षात येत नाही, त्यांना वाटतं सगळं ज्येष्ठतेने मिळतं. म्हणून तिथे 'अंतर्गत परीक्षेतून निवड' एवढे शब्द घातले. मुलाखतीत पहिला प्रश्न त्यावरच आला, आणि मग शेती कर्जाच्या कामावर सविस्तर बोलता आलं.

देशांतर:

मी माइंडट्रीत होते. नोव्हेंबर 2022 मध्ये एल अँड टी इन्फोटेकशी विलीनीकरण झालं आणि मी न हलता कंपनीचं नाव एलटीआयमाइंडट्री झालं. त्याच सुमारास बढती मिळाली, त्यामुळे जुनं पद जुन्या नावाखाली आणि नवं पद नव्या नावाखाली, म्हणजे दोन नोकऱ्याच दिसायला लागल्या. मी मथळ्यात आजचं नाव लिहिलं, त्यापुढे 'पूर्वीची माइंडट्री', आणि दोन्ही पदं त्याच मथळ्याखाली घेतली. LinkedIn वर सलग पदांना एकच कंपनीपान निवडलं तर ती आपोआप एकाखाली एक येतात. माझं जुनं पद जुन्या पानाला जोडलेलं होतं म्हणून ती सुटी दिसत होती. जुन्या नोंदीत पान बदललं आणि जुळली.

चाकणची_नियती:

सगळ्यांना धन्यवाद. रानजाई, तुमच्या मांडणीने रेझ्युमे पुन्हा लिहिला. पीपीएमचा आकडा मिळाला, पण तो कंपनीबाहेर लिहावा का याची खात्री नाही, म्हणून टक्क्यांत घट लिहिली. पत्रं पोर्टलवरून काढायला गेले तर 2015 चं बढतीपत्र तिथे नाहीच, एचआरला मेल केलाय. आता अडलंय जीईटीपाशी. नवरा म्हणतो काढून टाक, डेप्युटी मॅनेजरच्या रेझ्युमेत ट्रेनी शब्द कशाला?

परभणीचा_पाऊस:

ठेवा. क्लार्क हा शब्द मी ठेवला आणि त्याचा उपयोगच झाला.

रानजाई:

दोन्ही चालतं. काढलात तरी रुजू झाल्याची तारीख जुलै 2013 हीच राहू द्या, कारण पीएफच्या नोंदीत तीच आहे. माझं मत विचाराल तर ठेवा: कॅम्पसमधून जीईटी घेतलेली मुलगी इथपर्यंत आली हे प्लांट हेडला लगेच कळतं. पण परदेशी कंपनीला अर्ज असेल तर तिथे जीईटी कुणाला ठाऊक नसतं, तेव्हा ग्रॅज्युएट इंजिनिअर ट्रेनी असं पूर्ण लिहा.

निशिगंध_७७:

मी काढलं असतं.