नागपूरच्या घरी गिझरजवळच्या नळाला झिणझिण्या

मेधा: नमस्कार मंडळी. प्रतापनगरच्या घरी आई-बाबा दोघंच असतात. गिझर सुरू असताना नळाला ओला हात लागला की झिणझिण्या येतात. बाबा म्हणतात, "थोडंसंच लागतं, काही होत नाही." इथून काय सांगू?

सुधीर: गिझरला एमसीबी आहे ना? मग निश्चिंत राहा. करंट उतरत असता तर तो पडला असता.

विलासकाका: सुधीर, तो 16 अँपिअरचा एमसीबी ओव्हरलोडला किंवा शॉर्टला पडतो. झिणझिण्या यायला एखादा मिलिअँपिअरही पुरतो, आणि दहा-पंधराच्या पुढे मूठ उघडता येत नाही. मेधा, आज सांग: एमसीबी पाडा, प्लग उपसून ठेवा, आंघोळीचं पाणी गॅसवर तापवा. नुसतं बटण बंद करून भागणार नाही, फेज-न्यूट्रल उलटे जोडले असतील तर एलिमेंटमध्ये करंट राहतोच.

बहुतेक क्षार साचून एलिमेंटची नळी तडकली असेल. अर्थिंग धड असतं तर गळणारा करंट मुकाट जमिनीत गेला असता. नळापर्यंत आला म्हणजे अर्थिंगही तुटलं असणार. चपला आहेत म्हणून थोडं लागतं. ओल्या फरशीवर अनवाणी पायाने तेच जिवावर बेतेल.

शुभांगी: आमच्याकडे कूलरच्या जाळीला शॉक लागतो, तोही मे महिन्यातच. गिझर तर तेव्हा बंदच असतो.

मेधा: इलेक्ट्रिशियनने सॉकेटवर मीटर लावला. फेज-न्यूट्रल 228, फेज-अर्थ 95, न्यूट्रल-अर्थ 130. म्हणतो, अर्थची पिन न्यूट्रलला जोडून देतो, पाच मिनिटांचं काम आहे.

विलासकाका: ते अजिबात करू देऊ नकोस! उद्या न्यूट्रल कुठे सुटला, तर गिझरची अख्खी टाकी 230 व्होल्टवर जाईल. फेज-अर्थ 228च्या जवळपास आणि न्यूट्रल-अर्थ एक-दोन व्होल्ट हवं होतं. तुझी अर्थची तार अधांतरी आहे. त्याला फेज आणि अर्थमध्ये 60 वॅटचा पिवळा बल्ब लावायला सांग. पूर्ण पेटला नाही तर अर्थ तुटलेला नाहीतर निकामी. बोर्डावर आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की पुरवठा तोडणारा स्विच, असेल तर तो पडेल, म्हणून ही चाचणी त्याच्या आधीच्या फेजवरून घ्यावी.

तार सॉकेटपासून बोर्डापर्यंत आणि तिथून अर्थिंगच्या खड्ड्यापर्यंत तपासायची. गिझरला 500 व्होल्टचा मेगर, म्हणजे इन्सुलेशन तपासायचा मीटर, लावायचा, एक मेगोहमच्या खाली आला तर एलिमेंट बदलायचं. अर्थिंग झाल्यावर 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवा. अर्थिंगच्या जागी तो चालत नाही. अर्थ नसेल तर माणसाला धक्का बसल्यावरच पडतो.

शुभांगी, उन्हाळ्यात काळी माती भेगाळते, खड्डा कोरडा पडतो. पाणी ओतून तात्पुरतं भागतं, पण कूलरचा पंपही तपासून घे.

मेधा: बल्ब पेटलाच नाही. प्लग काढूनही नळाला थोडं जाणवतंय.

विलासकाका: म्हणजे गिझरशिवाय दुसरं काहीतरी नळाच्या पाइपात करंट सोडतंय. मेन बंद करा. मग वॉशिंग मशीन, फ्रिज, पंप सगळ्यांचे प्लग काढून मेन चालू करा आणि एकेक लावत नळ ते मोरीच्या ओल्या फरशीत मीटर धरायला सांगा, हात नाही. सगळं काढूनही व्होल्ट दिसले तर खालच्या मजल्यावरून पाइपात करंट येतो का, ते बघावं लागेल.