आरसीएमचं चलन भरलं, तरी GSTR-3B पुढे सरकत नाही (मदत हवी आहे)

पेनकॅप
उद्या शेवटची तारीख. ट्रकभाड्यावर आरसीएम दाखवलाय, ४०,००० वर ५ टक्के म्हणजे २,०००. क्रेडिट लेजरमध्ये लाखाच्या वर शिल्लक पडून आहे, तरी पोर्टल रोखच मागतं. वैतागून २,००० चं चलन भरलं, पैसे कॅश लेजरला दिसतायत, आणि तरी म्हणतंय रोख शिल्लक कमी! काय करू?

नफातोटा
क्रेडिट असताना रोख भरलीच कशाला? आधी सेट ऑफ करायचं.

जुनीवही
नाही होत. क्रेडिट फक्त आउटपुट टॅक्सला वापरता येतं, आणि कलम २(८२) मध्ये आउटपुट टॅक्सच्या व्याख्येतूनच रिव्हर्स चार्ज वगळलाय. लाख असो की कोटी, आरसीएम रोखीनेच.

पेनकॅप, तीन गोष्टी सांगा. चलन कोणत्या हेडखाली भरलं? ट्रान्सपोर्टरचा जीएसटी नंबर आहे का, असल्यास सुरुवातीचे दोन आकडे कोणते? बिलात त्याने स्वतः कर लावलाय का? लावला असेल तर तुमच्यावर आरसीएम येतच नाही.

पेनकॅप
कर लावलेला नाही, बिलावर रिव्हर्स चार्ज 'होय' लिहिलंय. नंबर २७ ने सुरू होतो, आमचाही २७. चलन आयजीएसटीत भरलं, माल गुजरातमधून आला ना. 3.1(d) मात्र अकाउंटंटने भरून ठेवलंय, त्यात सीजीएसटी-एसजीएसटी दिसतंय.

नफातोटा
मग अकाउंटंट चुकलाय. माल राज्याबाहेरून आला म्हणजे आयजीएसटीच. 3.1(d) बदला, काम फत्ते.

जुनीवही
अजिबात बदलू नका. मालाच्या बिलावर आयजीएसटी लागला असेल, पण इथे कर भाड्यावर आहे, म्हणजे सेवेवर. भाडं देणारा नोंदणीकृत असेल तर सेवेचं ठिकाण त्याचंच राज्य, ट्रक कुठूनही निघो. ट्रान्सपोर्टर महाराष्ट्राचा, तुम्हीही महाराष्ट्राचे, म्हणून सीजीएसटी १,००० आणि एसजीएसटी १,०००. हाच ट्रान्सपोर्टर २४ नंबरचा, म्हणजे गुजरातचा असता, तर २,००० आयजीएसटी बरोबर होता.

पैसे अडकलेत ते एवढ्यासाठीच: एका हेडची रोख दुसऱ्या हेडच्या देण्याला आपोआप लागत नाही. नवं चलन भरू नका. कॅश लेजरमध्ये जाऊन PMT-09 उघडा, आयजीएसटीच्या 'Tax' रकान्यातून १,००० सीजीएसटीच्या 'Tax' मध्ये आणि १,००० एसजीएसटीच्या 'Tax' मध्ये हलवा. 'Interest' किंवा 'Fee' खाली टाकलंत तर पुन्हा अडकाल. EVC किंवा DSC ने फाइल करा, लेजरमध्ये बदल दिसला की 3B च्या ऑफसेटला या.

आणि 4(A)(3) मध्ये तेच १,०००-१,००० क्रेडिट घ्यायला विसरू नका. 3.1(d) पेक्षा जास्त घेतलंत तर पोर्टल इशारा देतं.

कात्रण
क्रेडिट याच महिन्यात? कर भरल्यावर क्रेडिट, असा नियम आहे. आम्ही पुढच्या महिन्यात घेतो.

जुनीवही
3B फाइल होते तेव्हाच कर भरला जातो. त्याच रिटर्नमध्ये घ्यायला काय हरकत?

कात्रण
हरकत ऑडिटरला असते. तुमचा वेगळा दिसतोय.

गाळा_नं_९
मध्येच विचारतो. गाळ्याचा मालक बिगरनोंदणीकृत आहे. भाडं आम्ही भरतो, मग आरसीएम आम्हालाच ना? की हे फक्त ट्रकभाड्याला?

जुनीवही
व्यापारी गाळ्यालाही आहे, १० ऑक्टोबर २०२४ पासून, १८ टक्के. पण तिथे बिल मालक देणार नाही, सेल्फ इन्व्हॉइस तुम्हालाच करावं लागेल, तेही ३० दिवसांत. कंपोझिशनमध्ये असाल तर गणित वेगळं. नवा धागा काढा, पेनकॅपला उद्याची घाई आहे.

गाळा_नं_९
कंपोझिशनमध्येच आहे.

नफातोटा
बिल्टी नसेल तर ट्रकभाड्यावर आरसीएमच नाही, हे कोणी सांगितलं नाही अजून.

जुनीवही
तसं असतं ते, ट्रकवाला स्वतःच आणि बिल्टी न काढता गाडी देत असेल तर. पण यांच्याकडे बिल आहे, त्यावर रिव्हर्स चार्ज लिहिलंय. आता बिल्टी नाही म्हणून ते ४०,००० वगळले तर ट्रान्सपोर्टरच्या GSTR-1 मधून ते बिल यांच्या 2B ला दिसेल आणि नोटीस येईल.

पेनकॅप
PMT-09 झालं. सीजीएसटी-एसजीएसटी दोन्हीत हजार-हजार आले, ऑफसेट झाला. पण मला सांगा, बिल १२ मार्चचं आहे, पैसे मी २० एप्रिलला दिले. मग हे मार्चमध्ये दाखवायचं होतं का?

जुनीवही
आत्ता कुठल्या महिन्याचं रिटर्न भरताय?

पेनकॅप
एप्रिलचं.

जुनीवही
मग बरोबर. पैसे दिल्याची तारीख, किंवा बिलाच्या तारखेपासून ६० दिवस संपल्यानंतरचा दिवस, यातलं जे आधी ते धरायचं. १२ मेच्या आत पैसे दिलेत. पेमेंट व्हाउचरवर २० एप्रिलच टाका.

कात्रण
आमच्याकडे बिलाच्या महिन्यातच धरतात.

जुनीवही
धरू देत, लवकर भरल्याने कोणी मारत नाही. पण ज्या महिन्यात देणं येतं, त्या महिन्याच्या रिटर्नची शेवटची तारीख उलटल्यावर भरलंत की १८ टक्क्यांनी व्याज, तेही रोखीने.