बाळाच्या खोलीत रात्रभर ‘शूऽऽ’ : कान, अंतर आणि सवय

रेवा_डोंबिवली
बाळ चार महिन्यांचं. वन बीएचके, खिडकीखाली रस्ता. बहिणीने व्हाइट नॉइजचं, म्हणजे सतत एकसुरी ‘शूऽऽ’ करणारं मशीन दिलंय, पाळण्याच्या कठड्याला अडकवायचं. लावलं की दहा मिनिटांत झोपतं. सासूबाई म्हणतात कान जातील आणि सवय लागेल. आवाज किती ठेवू, अंतर किती, आणि सवय खरंच लागते का?

नीलाकाकू
सासूबाईंचं ऐक. माझी तीन पोरं चाळीत झोळीत झोपली. शेजारी रेडिओ, खाली नळावरची भांडणं, वर गिरणीचा भोंगा. कोणालाही मशीन लागलं नाही. बाळाला घरातल्या आवाजांची सवय होऊ द्यावी, आवाज झाकायला आणखी आवाज कशाला?

शंतनू_ध्वनी
मी ध्वनिमुद्रणात काम करतो. हिशेब सोपा आहे. अंतर दुप्पट केलं की आवाज ६ डेसिबलने उतरतो. ३० सेंटिमीटरवरचं मशीन दोन मीटरवर नेलं की जवळपास १६ डेसिबल कमी. कपाटावर ठेवा, विषय संपला.

मीनल_ठाणे
आम्ही मशीन घेतलंच नाही, मोबाइलवर पावसाचा आवाज लावायचो आणि मोबाइल उशाशी ठेवायचो. एकदा मध्यरात्री मध्येच जाहिरात लागली, पावसाच्या दुप्पट मोठ्याने. पोरगी जी उठली ती पहाटेपर्यंत. मोबाइल वापरायचाच तर आवाज आधी डाउनलोड करा. बाळाला पोटात दुखत असेल तर हिंगाचं पाणी पोटावर चोळून पाहिलं का?

प्राची_ऑडिओलॉजिस्ट
मीनल, पोटदुखीचा प्रश्न नाहीये गं :) पण जाहिरातीचा मुद्दा चांगला.

शंतनू, तुमचा ६ डेसिबलचा नियम मोकळ्या मैदानात चालतो. दहा बाय दहाच्या खोलीत भिंती, छत, फरशी आवाज परत फेकतात, त्यामुळे काही अंतरानंतर मागे सरकून फारसा फरक पडत नाही. म्हणून अंतर आधी, पण त्यावर थांबायचं नाही. नंतर बटण खाली आणायचं आणि बाळाच्या डोक्याच्या जागी मोजायचं.

रेवा, कठड्यावरून मशीन आजच काढ. २०१४ मध्ये टोरांटोच्या डॉक्टरांनी अशी १४ मशिनं पूर्ण आवाजावर ३० सेंमी, १ मीटर आणि २ मीटरवरून मोजली. सगळीच ५० डेसिबलच्या वर जाऊ शकत होती, एक मीटरवरूनसुद्धा. तीन मशिनं ३० सेंमीवर ८५ च्याही पुढे गेली. ८५ ही कारखान्यातल्या मोठ्या माणसाची आठ तासांच्या पाळीची मर्यादा. तो पाळी संपली की घरी जातो. तुझं बाळ बारा-चौदा तास झोपतं.

नीलाकाकू
बघ! मी काय म्हणत होते?

प्राची_ऑडिओलॉजिस्ट
काकू, थांबा. मोजमाप पूर्ण आवाजावरचं होतं. त्यात कोणाच्या बाळाचे कान तपासले नव्हते. मशीन काय करू शकतं एवढंच त्यातून कळतं. आणि ५० चा आकडा इस्पितळातल्या नवजात कक्षासाठीचा आहे, सावधगिरीचा. ५१ झाले म्हणून कान जात नाहीत. पण घरी धरून चालायला तो बरा आहे, मी पालकांना तोच सांगते.

आणखी एक. बाळाच्या कानाची नळी लहान असते, त्यामुळे बारीक, सूं-सूं करणारे आवाज आत जास्त जोराने पोचतात. मशीनमध्ये निवड असेल तर फुसफुसणाऱ्यापेक्षा जाड, पंख्यासारखा आवाज लाव.

विक्रांत_पुणे
मी काकूंच्या बाजूने. उंदरांच्या पिल्लांना सतत एकसुरी आवाजात वाढवलं तर मेंदूतला ऐकण्याचा भाग उशिरा पक्व होतो, २००३ चं संशोधन आहे. चार महिन्यांच्या बाळावर हा प्रयोग कशाला?

प्राची_ऑडिओलॉजिस्ट
संशोधन खरं आहे. पण त्या पिल्लांना दिवसरात्र तोच आवाज होता. रेवाचं बाळ दिवसभर माणसांचं बोलणं ऐकतं. उंदरांवरून सरळ उडी मारता येत नाही. तरी म्हणूनच मी जागेपणी मशीन बंद ठेवायला सांगते. दिवसा ‘पार्श्वभूमी’ म्हणून चालू ठेवणारे लोक आहेत, ते मला पटत नाही.

मीनल_ठाणे
सवयीबद्दल माझं ऐका. लागते. साताऱ्याला माहेरी गेलो, रात्री दोनला लाइट गेली, मोबाइलची बॅटरीही संपली, आवाज बंद. पाचव्या मिनिटाला मुलगी उठून रडायला लागली. बाळं रात्रीतून बरेचदा अर्धवट जागी होतात. झोपताना जे होतं ते तेव्हाही असलं तर परत झोपतात, नसलं तर शोधतात. अर्ध्या तासाचा टायमर लावूनही आमचं हेच व्हायचं.

मोडली कशी? अकराव्या महिन्यात रोज रात्री बटण एकेक घर खाली आणलं. बारा दिवस लागले. मधल्या दोन रात्री वाईट गेल्या. काकू, तुमची झोळीसुद्धा सवयच ना? झोळी थांबली की पोर उठायचंच की!

नीलाकाकू
उठायचं. पण झोळीला हात लागतो, हात दमला की झोळी थांबते. मशीन दमत नाही, म्हणून तर तुम्ही रात्रभर चालू ठेवता.

प्राची_ऑडिओलॉजिस्ट
हे मात्र काकूंचं मान्य. मी बाळ गाढ झोपल्यावर बंद करायला सांगते. मीनल म्हणते तसं काही बाळं मग उठतात. तिथे मी आवाज अगदी हळू ठेवून चालू राहू देते. माझ्याच क्लिनिकमधल्या सहकारी याला हरकत घेतात.

शंतनू_ध्वनी
भिंतींचं बरोबर, मी मैदानातला हिशेब खोलीत आणला. पण रेवाताई, तुमची मुख्य तक्रार रस्त्याची आहे. मशीन रिक्षाचा हॉर्न झाकत नाही. खोलीतली शांतता थोडी वर उचलतं, म्हणजे हॉर्नची उडी लहान वाटते. हॉर्न पूर्ण झाकेल इतकं वाढवायला गेलात तर मशीनच हॉर्न होईल. खिडकीच्या फटींना रबरी पट्टी लावून बघा.

रेवा_डोंबिवली
काल मोजलं. प्राचीताईंना विचारून फोनवर मीटर घेतला, माणसाच्या कानासारखं मोजणारा मोड ‘A’ ठेवला, बाळ बाहेर असताना फोन उशीच्या जागी. (उशी नाही वापरत, तुम्ही ओरडायच्या आत सांगते.) कठड्यावर, रोजच्या आवाजावर ७१. तेच कपाटावर, दोन मीटरवर, ६१. शंतनूदादा, १० च उतरले! मग बटण सहावरून दोनवर आणलं : ४७. मशीन बंद, नुसता पंखा : ४१.

प्राची_ऑडिओलॉजिस्ट
छान. फोनचा मीटर तीन-चार डेसिबलने चुकू शकतो, म्हणून ४७ वर मी खूश आहे, ४९ वर नसते. साधी खूण : पाळण्याजवळ उभं राहून हळू आवाजात बोललीस तर खोलीतल्या माणसाला कळायला हवं. त्यासाठी आवाज चढवावा लागला तर मशीन मोठं आहे. आणि वायर पाळण्यापासून हातभर नको, चांगली तीन फूट लांब.

रेवा_डोंबिवली
झोपायला आता दहाऐवजी वीस मिनिटं लागतात. झोपल्यावर बंद केलं तर परवा उठलं, काल नाही उठलं. सासूबाईंना ४७ दाखवलं. त्या म्हणाल्या, “मग पंखाच लाव की.”

विक्रांत_पुणे
सासूबाईंना माझा नमस्कार सांगा.

मीनल_ठाणे
पंख्याचीही सवय लागते हो. लाइट गेली की कळेल.