पासबुकातील ‘नावे’ म्हणजे नक्की कोणाच्या नावे?

प्रश्न : मंगळवार पेठेतील अनुवादक

कागल तालुक्यातील एका दिवंगत शेतकऱ्याच्या पासबुकाचे मराठी भाषांतर वारसांच्या अर्जासोबत जोडण्यासाठी करीत आहे. माझ्याकडे पासबुक नाही, फक्त मोबाईलवर काढलेला एका पानाचा फोटो आहे. पानाची वरची कड कापली गेल्यामुळे रकान्यांची शीर्षके दिसत नाहीत. ओळी अशा आहेत :

```
03-02-24 BF                             18,240.00Cr
05-02-24 BY TRF              61,500.00  79,740.00Cr
12-02-24 TO CLG 004512 25,000.00        54,740.00Cr
19-02-24 I/W CHQ RTN CHG  590.00        54,150.00Cr
```

मी पहिल्या मसुद्यात तिसऱ्या ओळीसाठी ‘वडिलांच्या नावे रु. २५,०००, समाशोधनाकडे’ आणि चौथ्या ओळीसाठी ‘आवक धनादेश परत, शुल्क’ असे लिहिले. ते वाचून थोरल्या मुलाने विचारले, “म्हणजे बाबांना कोणीतरी दिलेला चेक वटला नाही का? मग ते पैसे आम्हाला येणे आहेत का?” त्यामुळे माझा मसुदा कुठेतरी चुकतो आहे, हे माझ्या लक्षात आले. जाणकारांनी कृपया सांगावे.

शाहूपुरीतील गुळाच्या पेढीवरील दिवाणजी

आमच्या रोजमेळात डावीकडे जमा आणि उजवीकडे नावे असते. त्यामुळे शीर्षक नसले तरी डावीकडचा २५,००० चा आकडा जमेचाच असणार. ‘नावे’ हा शब्द मात्र आपण योग्य वापरलात. तो शेकडो वर्षांचा मराठी हिशेबाचा शब्द आहे आणि तो सोडू नये.

निवृत्त शाखाधिकारी

दिवाणजी, रोजमेळाची रीत आपण बरोबर सांगितलीत, पण पासबुकाची मांडणी त्या रीतीने होत नाही. पासबुकात सहसा खात्यातून गेलेली रक्कम आधी आणि आलेली रक्कम नंतर छापतात. तरीही डावे-उजवे पाहून ठरवूच नये, शिलकेवरून ताळा करावा. १८,२४० मध्ये ६१,५०० मिळवले की ७९,७४० होतात, म्हणून उजवीकडचा रकाना जमेचा. त्यातून २५,००० वजा केले की ५४,७४० उरतात, म्हणून डावीकडचा रकाना खर्ची पडलेल्या रकमेचा. फोटोत अंक पुसट असला तरी हाच ताळा उपयोगी पडतो. समजा, ६१,५०० मधला १ आपल्याला ७ सारखा दिसला. ७९,७४० मधून १८,२४० वजा करून पाहिले, की खरा अंक लगेच कळतो. प्रत्येक ओळीला असा ताळा केल्याशिवाय भाषांतर हातावेगळे करू नये.

आता शब्दांकडे येतो. या पानावरची जवळपास प्रत्येक खूण बँकेच्या बाजूने लिहिलेली आहे, खातेदाराच्या बाजूने नाही. ठेवीदाराचे पैसे हे बँकेचे देणे असते, म्हणून शिलकेपुढे Cr येते आणि ती जमा शिल्लक होते. ‘टू’ आणि ‘बाय’ ही इंग्रजी खतावणीतली जुनी प्रथा आहे. नावे टाकलेल्या नोंदीआधी ‘टू’ आणि जमेच्या नोंदीआधी ‘बाय’ लिहीत असत. त्यांचे ‘कडे’ किंवा ‘द्वारे’ असे भाषांतर केले तर वाक्याला अर्थच राहत नाही, म्हणून ते शब्द सरळ गाळावेत. रकाना तेच सांगत असतो. पहिल्या ओळीतील BF म्हणजे ‘मागील शिल्लक पुढे आणली’, दुसरीत ‘वर्ग होऊन जमा’ आणि तिसरीत ‘धनादेश क्र. ००४५१२ समाशोधनातून वटला’ एवढे पुरे आहे.

चौथ्या ओळीवर मात्र थांबले पाहिजे, कारण मुलाचा गैरसमज तिथूनच झाला आहे. आपण आपल्या शाखेत दुसऱ्याचा चेक भरतो, तेव्हा शाखा तो समाशोधनात बाहेर पाठवते. तो बँकेच्या दृष्टीने जावक. आपण दुसऱ्याला दिलेला चेक त्याच्या बँकेमार्फत आपल्या बँकेकडे येतो. तो आवक. येथे I/W छापले आहे, म्हणजे हा चेक वडिलांनीच कोणाला तरी दिला होता आणि तो न वटता परत गेला. तेव्हा त्या व्यवहारात कोणाकडून येणे असलेच, तर ते कुटुंबाचे नसून समोरच्याचे असण्याचा संभव आहे. ‘आवक धनादेश परत’ हे शब्दशः बरोबर आहे, पण वाचणाऱ्याला नेमके उलट सांगते. ‘खातेदाराने दिलेला धनादेश न वटता परत गेल्याबद्दल आकारलेले शुल्क’ असे लांबले तरी चालेल. ५९० हा आकडा ५०० अधिक १८ टक्के वस्तू व सेवा कर असा जुळतो, म्हणून ती रक्कम चेकची नसून शुल्काचीच आहे, हेही पटते.

मुरगूडहून एक ताई

माझ्याही पासबुकात ‘बाय ट्रान्सफर’ म्हणून उसाचे बिल आले आहे, पण वजनाच्या मानाने ते कमी वाटते. या अक्षरांवरून कारखान्याने किती कापले, ते कळेल का?

निवृत्त शाखाधिकारी

नाही ताई, ते पासबुकातून कळणार नाही. कपाती होऊन राहिलेली निव्वळ रक्कमच बँकेत येते. सोसायटीची वसुली आणि इतर कपाती कारखान्याच्या बिलाच्या पावतीवर असतात, तीच पाहावी.

मुरगूडहून एक ताई

बरे झाले सांगितलेत. आणखी एक विचारते. माझ्या पीककर्जाच्या खात्यात शिलकेपुढे Dr आहे. म्हणजे तेवढे पैसे मी काढू शकते, असेच ना?

निवृत्त शाखाधिकारी

उलट, तेवढे आपल्याकडून बँकेला येणे आहे. भाषांतरात त्याला ‘नावे शिल्लक’ म्हणतात.

प्रश्न विचारणारे अनुवादक

माझी अडचण याच शब्दाशी आहे. पेढीवर ‘माझ्या नावे टाका’ म्हटले की माझ्याकडून येणे असा अर्थ होतो, हे दिवाणजींना कोणी सांगायला नको. पण घरात आपण ‘आईच्या नावे दोन लाख ठेवले’ असे म्हणतो, तेव्हा ते पैसे आईचे झालेले असतात. ‘वडिलांच्या नावे २५,०००’ हे वाक्य मुलाने त्याच घरगुती अर्थाने वाचले असणार. म्हणून ‘नावे’ ऐवजी ‘काढलेली रक्कम’ लिहावे का, असा विचार करीत आहे.

शाहूपुरीतील दिवाणजी

डाव्या रकान्याविषयी माझी चूक झाली, ताळा मलाही पटला. पण ५९० रुपये वडिलांनी काढलेले नाहीत, बँकेने कापून घेतले आहेत. मग त्यांना ‘काढलेली रक्कम’ कसे म्हणणार?

निवृत्त शाखाधिकारी

दिवाणजींचा हा मुद्दा खरा आहे. मी स्वतः शीर्षकात ‘नावे’ ठेवीन, पण कोणाच्याही नावाला ते जोडणार नाही. ‘वडिलांच्या’ हा शब्द काढला की निम्मा घोटाळा मिटतो. आणखी एक करावे. कुटुंबाकडून पासबुकाच्या आतल्या मुखपृष्ठाचा आणि पूर्ण पानाचा नवा फोटो मागवावा. ग्राहकांसाठीचे छापील साहित्य इंग्रजी, हिंदी आणि प्रादेशिक भाषेत असावे, अशी रिझर्व्ह बँकेची सूचना आहे. त्यामुळे छापील शीर्षकात मराठी शब्द असण्याचा संभव आहे. तसा असेल तर भाषांतरात बँकेचाच शब्द वापरावा.

प्रश्न विचारणारे अनुवादक

मी शीर्षक ‘खात्यातून वजा’ असे ठेवून पाहतो, कारण ते चेकलाही लागू पडते आणि शुल्कालाही. छापील शब्द निराळा निघाला तर तो वापरेन. चौथ्या ओळीचा चेक कितीचा होता आणि का परतला, हे या पानावर कुठेच नाही. ते मुलाला कसे सांगावे?

निवृत्त शाखाधिकारी

परत जाण्याचे कारण लिहिलेली चिठ्ठी चेक भरणाऱ्याला मिळते, खातेदाराच्या पासबुकात ते कारण सहसा छापले जात नाही. शिल्लक पन्नास हजारांच्या वर होती, म्हणून अपुरी शिल्लक हेच कारण असे धरू नका. चेक त्याहून मोठ्या रकमेचा असेल किंवा सही जुळली नसेल. मुलाला शाखेत वारस म्हणून लेखी विचारणा करायला सांगा. भाषांतरात मात्र या ओळीला कारण जोडू नका, जे छापले आहे तेवढेच लिहा.

शाहूपुरीतील दिवाणजी

‘खात्यातून वजा’ हे मला अजूनही रुचत नाही. वजा ही गणितातली क्रिया झाली. हिशेबाच्या वहीत नोंद ही नावेच पडते.