मदत हवी आहे: अण्णांना लघवीसाठी एकमेकांच्या उलट्या दोन गोळ्या, नक्की खरं काय?

देवगडचा_विजू
मंडळी, जरा लांबलचक आहे, सांभाळून घ्या. अण्णा ७३ वर्षांचे. साखर १५ वर्षांपासून, बीपीला मेटोप्रोलॉल. मे महिन्यात, ऐन आंब्याच्या धांदलीत, लघवीचा त्रास सुरू झाला. तासातासाला उठायचे, कलमांतून घरी पोचेपर्यंत लुंगी ओली. एका डॉक्टरांनी सोलिफेनासिन ५ दिली, तीन आठवड्यांनी १० केली. गुण शून्य. उलट तोंड असं सुकलं की अण्णा जेवताना घासाघासाला पाणी मागायचे, संडासला चार-चार दिवस नाही, आणि रात्रभर थेंब थेंब चालूच.

गेल्या आठवड्यात ओटीपोट फुगून दुखायला लागलं म्हणून रत्नागिरीला नेलं. सोनोग्राफीत, लघवी करून आल्यावरसुद्धा पिशवीत ३४० मिली शिल्लक! प्रोस्टेट ४८ ग्रॅम. नळी घातली. तिथल्या डॉक्टरांनी सोलिफेनासिन बंद केली, रात्री टॅम्सुलोसिन दिली. सोमवारी नळी काढली की बेथानेकॉल २५, दिवसातून तीनदा. इकडे मेडिकलवाला चिठ्ठी बघून म्हणतो, "ही तर आधीच्या गोळीच्या बरोब्बर उलटी." मग चूक कोणाची? आणि सोलिफेनासिनची अर्धी पट्टी घरात पडून आहे. परत घाई सुरू झाली तर द्यायची का?

वेंगुर्ल्याची_सुमा
माझ्या सासूबाईंचं अगदी असंच. शिंकल्या, हसल्या की व्हायची. त्यांना खालच्या स्नायूंचे व्यायाम शिकवले, सहा महिन्यांत बरंच थांबलं. अण्णांनाही शिकवा. आणि गोखरूचा काढा द्या, उतरतो चांगला.

बंदरावरचा
सोलिफेनासिन जुन्या पिढीतली. आता मीराबेग्रॉन आहे, तोंड सुकत नाही, बद्धकोष्ठ नाही. माझ्या काकांना ५० ची चालू आहे, मजेत आहेत. डॉक्टरांना सांगून तीच सुरू करा, बेथानेकॉलच्या भानगडीत पडू नका.

चिपळूणचा_मास्तर
फार्मसी कॉलेजात बावीस वर्षं हेच शिकवत होतो, म्हणून बोलतो. सुमाताई, शिंकेला होणारी गळती वेगळी, तिथे दाराची पकड ढिली असते. अण्णांची पिशवी भरून वाहतेय. विहीर काठोकाठ भरली की काठावरून पाणी सांडतं, तसं. वरून बघणाऱ्याला "वारंवार होतेय" एवढंच दिसतं.

विजू, पिशवी आकसायचा निरोप कण्याच्या अगदी खालच्या, माकडहाडाजवळच्या भागातून निघणाऱ्या नसांतून येतो. त्या नसांच्या टोकाला ॲसिटिलकोलिन सुटतं, ते पिशवीच्या स्नायूवर एम-थ्री नावाच्या जागी बसतं आणि स्नायू आकसतो. सोलिफेनासिन ती जागा अडवून बसते. बेथानेकॉल त्याच जागेवर बसून ॲसिटिलकोलिनची नक्कल करते. म्हणून मेडिकलवाल्याचं बरोबर, दोन्ही एकाच कुलपाच्या उलट्या किल्ल्या आहेत. लाळेच्या ग्रंथी आणि आतड्यातही तेच कुलूप असतं. तोंड सुकलं, संडास अडली, ती त्यामुळेच. म्हणजे गोळी "लागू पडत नव्हती" असं नाही. ती पडत होती, फक्त आधीच दमलेल्या पिशवीला ती आणखी झोपवत होती. पहिल्यांदा १० करण्याआधी एक सोनोग्राफी झाली असती तर हे सगळं टळलं असतं, असं माझं मत.

त्यामुळे उरलेली पट्टी द्यायची नाही. आणखी एक: सोलिफेनासिन शरीरातून हळू जाते, निम्मी व्हायलाच दोन-अडीच दिवस लागतात. नळी काढल्यावर पहिल्या काही दिवसांत लघवी नीट उतरली नाही, तर त्यात तिचा वाटा असू शकतो.

बंदरावरचे, मीराबेग्रॉनने तोंड फारसं सुकत नाही हे खरं. ती दुसऱ्या वाटेने काम करते. कण्याच्या त्याहून जरा वरच्या, कमरेच्या आसपासच्या भागातून येणाऱ्या नसा पिशवी भरताना तिला सैल ठेवतात, त्यांच्या बीटा-थ्री जागेला ती चेतवते. पण सैलच करते! ३४० उरणाऱ्या माणसाला अजून सैल पिशवी कशाला? शिवाय मेटोप्रोलॉल यकृतात ज्या विकराने मोडते त्यालाच ती अडवते, रक्तात मेटोप्रोलॉल वाढतं आणि नाडी मंदावते. तुमच्या काकांना बीपीचं काय चालू आहे ते एकदा बघा.

बंदरावरचा
काकांना ॲम्लोडिपिन आहे, म्हणजे वाचलो. पण बेथानेकॉलने खरंच गुण येतो का? आमच्या शेजारच्या आजोबांना दोन महिने दिली, काडीचा फरक नाही.

देवगडचा_विजू
खूप आभार, मास्तर. सुमाताई, काढा नको, अण्णांना पावसाळ्यात दम लागतो, तेव्हा पंप ओढावा लागतो, नवीन काही सुरू करायला मला भीती वाटते.

चिपळूणचा_मास्तर
थांबा! दम? हे रत्नागिरीच्या डॉक्टरांना सांगितलंत का? दम्याच्या रुग्णाला बेथानेकॉल देत नाहीत. तीच किल्ली श्वासनलिकाही आकसवते, अटॅक येऊ शकतो. सोमवारी सांगू म्हणून बसू नका, आज फोन करा. मेटोप्रोलॉलवर असलेल्याची नाडी ती आणखी मंदावू शकते, हेही सांगा.

दुसरी अडचण मोठी. ३४० उरण्याची कारणं दोन असतात: पुढे प्रोस्टेटने वाट अडवलीय, किंवा पंधरा वर्षांच्या साखरेने नसा बधिर होऊन स्नायूच थकलाय. अण्णांना दोन्ही असण्याची शक्यता आहे. वाट अडलेली असताना बेथानेकॉल देणं म्हणजे बंद दारावर धक्के मारणं, दाब मागे किडनीकडे जातो. टॅम्सुलोसिन दार थोडं ढिलं करते, पण ते पुरेसं झालं का हे कळण्याआधी धक्का नको. खरा निवाडा पिशवीतला दाब मोजून होतो. दाब जास्त आणि धार बारीक तर वाट अडलेली. दाबही कमी, धारही बारीक, तर स्नायू थकलेला.

बंदरावरचे, तुमचा अनुभव चुकीचा नाही. या गोळीचा पुरावा कमकुवतच आहे, ज्यांच्या स्नायूत थोडा जीव शिल्लक आहे त्यांनाच काय तो फायदा. उपाशीपोटी, जेवणाआधी तासभर घेतात, नाहीतर मळमळते.

वेंगुर्ल्याची_सुमा
बापरे. मी उगाच काढा सुचवला. विजू, अण्णांची दिवसभरातली लघवी मोजून ठेवा, आमच्याकडे डॉक्टर तेच विचारत.

देवगडचा_विजू
अपडेट. फोन केला. पंपाचं कळल्यावर डॉक्टरांनी बेथानेकॉल लगेच रद्द केली. "विचारलं होतं, तुम्ही नाही म्हणालात" म्हणाले, खरंच असेल, अण्णांनी पंपाला कधी दमा म्हटलंच नाही. ते म्हणतात, "पावसात छाती भरता, तां काय रोग नाय."

सोमवारी सकाळी आठला नळी काढली. दुपारी दोनपर्यंत दोनदा लघवी झाली, १८० आणि १५० मिली. मी जुनं औषधाचं मापकप धुऊन कागदावर आकडे मांडत बसलो होतो. नंतरच्या सोनोग्राफीत शिल्लक २१०. आधीपेक्षा बरं, पण सोलिफेनासिन उतरल्यामुळे की टॅम्सुलोसिनमुळे, ते डॉक्टरही ठामपणे सांगत नाहीत. दोन आठवड्यांनी परत मोजणार. तेव्हाही असंच असेल तर दाबाची तपासणी कोल्हापूरला. स्नायू थकलेला निघाला तर दिवसातून चारदा बारीक नळी घालून स्वतः पिशवी रिकामी करायला शिकावं लागेल म्हणे.

अण्णा त्याला तयार होतील असं वाटत नाही. कोणाच्या घरी वडीलधाऱ्यांनी हे शिकून घेतलंय का? आरशाशिवाय जमतं का, संसर्ग किती होतो, बागेत असताना कसं करतात? डॉक्टरांना हे विचारायला अण्णांसमोर जीभ रेटली नाही.