ईडिपसची चूक की स्वभावदोष?

"सोफोक्लीजच्या नाटकातल्या राजा ईडिपसचा अहंकार हाच त्याचा दोष, एवढं मुलांना सांगितलं की पुरे ना?"

माझ्या मते नाही. शोकांतिकेच्या नायकाला पाडणारा ॲरिस्टॉटलचा ‘हमार्शिया’ म्हणजे मुख्यतः अजाणता झालेली चूक. दादरला टीवायच्या मुलांना शिकवताना मी एकच प्रसंग फळ्यावर मांडते. बापाला मारून आईशी लग्न करशील, अशी भविष्यवाणी ईडिपसला झालेली असते. कोरिंथचा दूत सांगतो, तो ज्याला बाप समजतो तो राजा पॉलिबस वारला. ईडिपस सुटकेचा श्वास टाकतो, पण आईशी लग्न होण्याची भीती उरतेच. ती घालवायला दूत म्हणतो, ते तुझे जन्मदाते नव्हेतच, तुला मीच त्यांच्याकडे दिलं होतं. धीर द्यायला उच्चारलेल्या या वाक्यानेच सगळं उलटतं. कलाटणी म्हणतात ती हीच, आणि सत्य उमगायलाही इथूनच सुरुवात होते. त्याच्या बायकोला, खरं तर आईलाच, म्हणजे योकास्टाला ते आधी कळतं. चौकशी थांबव, म्हणून ती विनवते. तो थांबत नाही. हा अहंकार की सत्याची ओढ, हे मुलांना नेमकं इथे विचारा.