‘पुढे चाल’ म्हणजे नेमके काय? भाग्यपत्रिकेच्या छायाचित्रावरून यादी करताना पडलेला पेच

लेखनिक:
आमच्या तालुक्यातील कबड्डी स्पर्धेची भाग्यपत्रिका फळ्यावर खडूने काढली होती. त्या फळ्याचे छायाचित्र माझ्याकडे पाठवण्यात आले आणि त्यावरून फेरी, दोन्ही संघ व वेळ अशा रकान्यांची यादी टंकून द्यावी, असे मला सांगण्यात आले. संघ अकरा होते. त्यांपैकी पाच संघांपुढे ‘पु. चा.’ असे लिहिलेले होते. मी ते ‘पुढे चाल’ असे वाचले आणि वर्तमानपत्रात हा शब्द प्रतिस्पर्धी न आल्यामुळे मिळालेल्या विजयासाठी वाचलेला असल्याने त्या पाचही जागी सामना धरून त्याला क्रमांक दिला. प्रतिस्पर्ध्याच्या रकान्यात ‘अनुपस्थित’ असे लिहिले. एकूण पंधरा सामने झाले. यादी पाहून एका ज्येष्ठ पंचांनी विचारले, “अकरा संघांत पंधरा सामने कोणत्या गावी होतात?” माझी चूक मला आता कळली आहे. तरीही प्रश्न उरतोच की एकच शब्द दोन वेगळ्या गोष्टींसाठी वापरला जात असेल, तर यादी करणाऱ्याने काय समजावे?

टेनिसवेडा:
आपण अर्थ चुकीचा घेतला असे मला वाटत नाही. २०२२ च्या विम्बल्डनमध्ये नदालने दुखापतीमुळे उपांत्य सामन्याआधी माघार घेतली आणि किर्गिऑस न खेळताच अंतिम फेरीत पोहोचला. याला आपण मराठीत ‘पुढे चाल मिळाली’ असेच म्हणतो. फळ्यावर ज्यांनी हा शब्द लिहिला, त्यांनी तो चुकीच्या जागी वापरला.

जुना पंच:
चुकीच्या जागी नाही. मैदानावर आम्ही ‘पुढे चाल’ दोन्हींसाठी म्हणतो आणि आमची गफलत होत नाही, कारण तो शब्द केव्हा उच्चारला गेला हे आम्हांला ठाऊक असते. सोडत काढताना म्हटला, तर त्या संघाला पहिल्या फेरीत प्रतिस्पर्धीच नाही. सामन्याच्या वेळी शिट्टी वाजूनही समोरचा संघ आला नाही आणि मग म्हटला, तर तो सामना ठरलेला होता, त्याला क्रमांक होता, वेळ होती, पंच नेमलेले होते. किर्गिऑसचा सामना यादीत राहतो, त्याचा निकाल तेवढा निराळा लिहितात. सोडतीतल्या पुढे चालीचा सामना यादीत कधी नव्हताच. लेखनिकांच्या फळ्यावर स्पर्धा सुरू होण्याआधी लिहिले आहे, म्हणजे पहिला अर्थ.

मोजणी करून पाहा. बाद पद्धतीत प्रत्येक सामन्यात एक संघ बाहेर जातो आणि शेवटी एकच उरतो, म्हणून अकरा संघांचे दहा सामने. दोनाची दुप्पट करत गेले की अकराच्या वरची पहिली संख्या सोळा. सोळातून अकरा गेले, पाच उरले, त्या पाच पुढे चाली. तुमचे पंधरा म्हणजे हे दहा आणि हे पाच.

शुद्धमती:
गोंधळाचे मूळ शब्दाच्या आळसात आहे. ‘चाल’ हा शब्द बुद्धिबळातील खेळीसाठी योग्य आहे. ज्या संघाला सोडतीत प्रतिस्पर्धी नाही त्यासाठी ‘थेट प्रवेश’ आणि प्रतिस्पर्धी न आल्यास ‘अनुपस्थितीविजय’ असे दोन स्वतंत्र शब्द रूढ करावेत. ‘भाग्यपत्रिका’ या शब्दालाही माझा आक्षेप आहे, कारण त्यात ज्योतिषाचा वास येतो. सरळ ‘सामनेवृक्ष’ म्हणावे.

जुना पंच:
‘अनुपस्थितीविजय’ हा शब्द ध्वनिक्षेपकावरून एकदा उच्चारून पाहा, तोवर पुढचा सामना सुरू होईल. आणि ‘थेट प्रवेश’ आमच्याकडे पात्रता फेरी न खेळता मुख्य स्पर्धेत येणाऱ्या संघासाठी म्हणतात. म्हणजे आपण एक घोटाळा काढून दुसरा घातलात. भाग्यपत्रिकेत ज्योतिष नाही, चिठ्ठीत ज्याचे जे भाग्य निघाले त्याचा तो कागद आहे.

मुलीची आई:
माझी मुलगी बुद्धिबळ खेळते. तिच्या स्पर्धेत खेळाडूंची संख्या विषम असली की एकाला ‘बाय’ मिळतो आणि त्याचा पूर्ण एक गुणही मिळतो. तो फेरीच्या यादीत रीतसर छापलेला असतो. त्यामुळे बाय यादीत लिहूच नये, हे मला पटत नाही. लेखनिकांनी पाच ओळी जास्त लिहिल्या तर बिघडले कुठे?

जुना पंच:
ताई, आपल्या मुलीची स्पर्धा स्विस पद्धतीची असणार. तिथे कोणी बाद होत नाही, प्रत्येक फेरीनंतर गुण मोजतात, म्हणून न खेळलेल्या फेरीचा गुणही कुठेतरी लिहावा लागतो. इथे गुण नाहीत. इथे जास्तीच्या पाच ओळी म्हणजे मैदानाचे पाच तास आणि पंचांच्या पाच जोड्या फुकट अडकवणे.

लेखनिक:
ते खरोखरच झाले असते, कारण प्रत्येक सामन्याला एक तास धरलेला आहे. आता सुधारित यादी करताना मला आणखी दोन ठिकाणी अडखळायला होत आहे. नावे न लिहिता संघांना फळ्यावरील क्रमांकांनीच संबोधतो. १, ६, ७, १० आणि ११ यांना पुढे चाल आहे. पहिल्या फेरीत २ विरुद्ध ३, ४ विरुद्ध ५ आणि ८ विरुद्ध ९ असे तीन सामने आहेत. मात्र १० आणि ११ यांची नावे दुसऱ्या स्तंभात एकमेकांखाली असून दोन्ही संघ आधीच ठरलेले आहेत. हा त्यांचा पहिलाच सामना आहे, तर त्याला पहिली फेरी म्हणावे की उपांत्यपूर्व?

टेनिसवेडा:
त्या संघांचा पहिला सामना म्हणजे त्यांची पहिली फेरी. हे उघड आहे.

जुना पंच:
फेरी संघाची नसते, स्तंभाची असते. १० आणि ११ मधला विजेता उपांत्य फेरीत जातो, म्हणून तो सामना उपांत्यपूर्वच. त्याला पहिल्या फेरीत टाकले तर पहिल्या फेरीत चार आणि उपांत्यपूर्व फेरीत तीन सामने दिसतील. तीन सामन्यांतून चार उपांत्य संघ कसे निघणार? शेवटून मागे मोजत जा: अंतिम एक, उपांत्य दोन, उपांत्यपूर्व चार, आणि उरलेले तीन पहिल्या फेरीचे. यादी या आकड्यांशी जुळली नाही, तर कुठेतरी स्तंभ चुकलेला आहे.

छायाचित्र तिरके असेल तर आणखी एक जपा. नावांच्या उंचीवरून जोड्या लावू नका. फळा बाजूने टिपला की उजवीकडच्या रेषा वर किंवा खाली सरकल्यासारख्या दिसतात आणि ७ चा संघ ६ च्या शेजारी जाऊन बसतो. उभ्या रेषेवर बोट ठेवा. प्रत्येक उभ्या रेषेला डावीकडून दोनच हात येतात आणि उजवीकडे एकच निघतो. अशा उभ्या रेषा मोजा. त्या दहा भरल्या पाहिजेत. नऊ भरल्या तर एखादी खडूची रेषा उजेडाच्या चकाकीत बुडाली आहे.

लेखनिक:
दहा भरल्या, धन्यवाद. दुसरी अडचण वेळेची आहे. पहिल्या फेरीचे तीन सामने शनिवारी सायंकाळी ५, ६ आणि ७ वाजता आहेत. १० विरुद्ध ११ हाही सामना शनिवारीच आहे, पण त्यापुढचा आकडा मला देवनागरी चार वाटतो आणि माझ्या भावाला इंग्रजी आठ वाटतो. देवनागरी चाराचे डोके उघडे असते, पण खडू फिसकटल्याने ते मिटल्यासारखे दिसते.

टेनिसवेडा:
इंग्रजी आठच असणार. दुसऱ्या फेरीचा सामना पहिल्या फेरीच्या आधी कसा होईल?

लेखनिक:
मीही तसेच समजलो होतो. पण १० आणि ११ हे पहिल्या फेरीतील कोणाच्याही निकालाची वाट पाहत नाहीत. त्यामुळे ४, ५, ६, ७ हा क्रमही बसतो आणि ५, ६, ७, ८ हाही बसतो. मैदान एकच आहे आणि दोन्ही वाचनांत दोन सामने एकाच वेळी येत नाहीत.

शुद्धमती:
लिहिणाऱ्याने बाकीचे सर्व अंक देवनागरीत लिहिले असतील, तर एकच अंक इंग्रजीत लिहिण्याचे कारण नाही. भाषेत सुसंगती नावाची गोष्ट असते.

जुना पंच:
फळ्यावर नसते. अर्ध्या वेळा एक जण लिहितो आणि दुसरा पुसून दुरुस्त करतो. देवनागरी एक इंग्रजी नवासारखा आणि देवनागरी चार इंग्रजी आठासारखा दिसतो, हे मी कित्येक स्पर्धांत अनुभवले आहे. एक आणि नऊ यांचा निकाल बहुधा सकाळ-दुपार पाहून लागतो. चार आणि आठ दोन्ही सायंकाळी शक्य असतात, म्हणून हा जोड वाईट. अंदाजाने भरू नका. जागा रिकामी ठेवा आणि संयोजकांना विचारा. खालच्या अर्धाच्या ओळी मी अशा लिहीन:

```
सामना ३ | पहिली फेरी | ८ वि. ९ | शनि. सायं. ७.००
सामना ६ | उपांत्यपूर्व | ७ वि. सा. ३ विजेता | रवि. सकाळी
सामना ७ | उपांत्यपूर्व | १० वि. ११ | शनि. वेळ विचारणे
सामना ९ | उपांत्य | सा. ६ विजेता वि. सा. ७ विजेता | रवि. सायं.
```

वेळेच्या क्रमाने मांडणी करायची असेल तर ओळी हलवा, पण सामना क्रमांक फळ्यावरचेच ठेवा. सातवा सामना शनिवारीच खेळला जाणार म्हणून त्याला चौथा किंवा पहिला केलेत, तर ‘सा. ७ विजेता’ ही नोंद भलत्याच संघाकडे बोट दाखवेल.

मुलीची आई:
पण मग १ क्रमांकाच्या संघाला स्वतःचे नाव यादीत शनिवारी कुठेच सापडणार नाही. त्यांना वाटेल आपल्याला वगळले. आमच्याकडे म्हणूनच बाय छापतात.

जुना पंच:
हे मात्र खरे आहे. असे फोन मलाही आलेले आहेत.

लेखनिक:
मग यादीच्या खाली, सामना क्रमांक न देता, एक वेगळी ओळ टाकतो: ‘संघ १, ६, ७, १० व ११ यांना पहिल्या फेरीत पुढे चाल.’

शुद्धमती:
‘पुढे चाल’ असेच लिहिणार असाल, तर एवढी चर्चा कशासाठी केली? किमान ‘पहिल्या फेरीत सामना नाही’ असे लिहावे.

जुना पंच:
‘सामना नाही’ वाचून एखादा संघ घरीच बसेल आणि रविवारी सकाळी मला खरीखुरी, दुसऱ्या अर्थाची पुढे चाल द्यावी लागेल.

टेनिसवेडा:
म्हणजे शेवटी माझा अर्थ बरोबर होता.

लेखनिक:
संयोजकांचा फोन लागला. आकडा आठच आहे. मात्र तो ज्यांनी लिहिला, त्यांचे म्हणणे असे की त्यांनी तो देवनागरीतच ‘८’ असा लिहिला होता आणि वरची गाठ कोणीतरी नंतर जोडली. ‘पु. चा.’ कोणी लिहिले, हे मात्र त्यांनाही ठाऊक नाही.